क्वांटम नंबरचा संच ‘शक्य’ आहे की नाही हे नेमकं कशावरून ठरवायचं? (लेकीच्या सराव पेपरातले दोन प्रश्न)

पारिजातक · मंगळवार, रात्री ९:४०

लेक अकरावीला आहे. काल क्लासमध्ये सराव परीक्षा झाली आणि तिचे दोन प्रश्न चुकले. मी स्वतः बी.एस्सी. केमिस्ट्री केलंय, पण त्याला बावीस वर्षं झाली. रात्री दोघी बसलो, उत्तर काय ते कळलं, पण तिची शंका मला नीट फोडता आली नाही. म्हणून इथे विचारते.

पहिला प्रश्न असा होता. इलेक्ट्रॉनसाठी खालीलपैकी कोणता संच शक्य नाही?

(अ) n = 3, l = 2, m = −2, s = +1/2
(ब) n = 4, l = 0, m = 0, s = −1/2
(क) n = 3, l = 3, m = −3, s = +1/2
(ड) n = 5, l = 3, m = +1, s = −1/2

उत्तर (क). तिने (ड) लिहिलं. का, तर तिच्या म्हणण्याप्रमाणे (ड) म्हणजे 5f, आणि 5f तर 7s भरल्यावर भरतं, म्हणजे साध्या अणूत पाचव्या कवचात f नसतंच. (ब) वरही तिला संशय होता, कारण 4s मधला पहिला इलेक्ट्रॉन +1/2 असतो असं तिने वहीत लिहून घेतलंय.

दुसरा प्रश्न: n = 3 आणि m = 0 असलेले जास्तीत जास्त किती इलेक्ट्रॉन एका अणूत असू शकतात? तिने ४ लिहिलं, उत्तर ६ आहे. ती म्हणते तिसऱ्या कवचात आठच असतात, ऑर्गॉन बघ, त्यात m = 0 चे चारच निघतात. आणि ऑर्गॉनसाठी तिने मोजलेलं बरोबरही आहे!

नियम पाठ आहेत तिला. l शून्यापासून n − 1 पर्यंत, m हा −l पासून +l पर्यंत, s दोनच. तरी चुकते. आणि मला सगळ्यात जास्त टोचलेला तिचा प्रश्न असा की, ‘आई, l हा n एवढा का नाही होऊ शकत? कोणी ठरवलं?’ मी म्हटलं तसं समीकरणातून येतं. ती गप्प बसली, पण समाधान झालं नाही हे दिसत होतं.

---

रानवाट · मंगळवार, रात्री १०:०५

ताई, सोपं आहे. हे सगळे नियम ग्राउंड स्टेटसाठी असतात. अणूला ऊर्जा दिली, इलेक्ट्रॉन वर उडाला, की मग कुठलाही संच चालतो. म्हणून (ड) चालतो, कारण उत्तेजित अवस्थेत इलेक्ट्रॉन 5f मध्ये जाऊ शकतो. प्रश्नात ग्राउंड स्टेट म्हटलंय का ते बघा. तसं म्हटलं नसेल तर (क) सुद्धा चालायला हवा, मग प्रश्नच चुकीचा ठरतो.

---

अर्धविराम · मंगळवार, रात्री १०:३१

मी प्रोग्रामर आहे, केमिस्ट्री बारावीनंतर सुटली. पण हे मोजायला मला नेहमी असं बरं पडतं:

```python
n = 3
for l in range(n):
    for m in range(-l, l + 1):
        for s in (0.5, -0.5):
            print(n, l, m, s)
```

१८ ओळी छापून येतात. त्यातल्या m = 0 असलेल्या मोजा, ६ भरतात. एक 3s ची जोडी, एक 3p ची, एक 3d ची. `range(n)` आपोआप n − 1 ला थांबतो, त्यामुळे (3, 3, −3) या यादीत येतच नाही. मुलीला हे चालवून बघू द्या.

---

फळा_खडू · मंगळवार, रात्री ११:१०

पारिजातकताई, तुमच्या लेकीची चूक नियमांची नाही. ती तीन वेगवेगळे प्रश्न एकाच प्रश्नासारखे सोडवते आहे, आणि हे माझ्याकडे एम.एस्सी.ला येणारी मुलंही करतात. मी फिजिक्स शिकवतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिला प्रश्न: अशी खोली इमारतीत आहे का? दुसरा: अशा अमुक वर्णनाच्या खोल्या एकूण किती? तिसरा: आज या अणूत त्या खोलीत कोणी राहतंय का? ‘संच शक्य आहे का’ हा पहिल्या प्रकारचा प्रश्न. तिथे अणू कोणता हे विचारायचंच नाही, भरण्याचा क्रम आठवायचा नाही. (5, 3, +1, −1/2) ही खोली हायड्रोजनच्या अणूतही आहे. तिथे बहुतेक वेळा कोणी नसतं, एवढंच. 5f हे 7s नंतर भरतं हे खरं, पण ते भाडेकरूंच्या रांगेबद्दलचं विधान आहे, खोली असण्या-नसण्याबद्दलचं नाही.

‘जास्तीत जास्त किती’ हा दुसऱ्या प्रकारचा. तिथे खोल्या मोजायच्या, म्हणून ६. तिने ऑर्गॉनमधल्या माणसांची शिरगणती केली, म्हणून ४. दोन्ही मोजणी अचूक आहेत, प्रश्न वेगळे आहेत. आणि ‘तिसऱ्या कवचात आठच’ हे नववीतलं वाक्य आता सोडायला सांगा. तिसऱ्या कवचात १८ जागा आहेत. ऑर्गॉनपाशी आठ भरतात, पुढचे दोन 4s मध्ये जातात, आणि मग स्कँडियमपासून उरलेल्या दहा जागा भरू लागतात.

रानवाट, तुमचं अर्धं बरोबर आहे. (ड) उत्तेजित अवस्थेत खरोखर मिळू शकतो. पण (क) कुठल्याच अवस्थेत मिळत नाही. ऊर्जा देऊन तुम्ही इलेक्ट्रॉनला दुसऱ्या खोलीत पाठवू शकता, नसलेल्या खोलीत नाही पाठवू शकत. l = 3 हवा असेल तर त्याला n = 4 किंवा त्याच्या वर जावं लागेल. ‘का’ ते उद्या लिहितो, कारण तो खरा प्रश्न आहे आणि त्याला घाईत उत्तर द्यायचं नाही.

---

जुनी_वही · बुधवार, सकाळी ६:५०

मी निवृत्त शिक्षक, वय ७८. माझ्या कॉलेजच्या काळातली वही अजून आहे. त्यात स्पष्ट लिहिलंय की दुसरा अंक १ पासून n पर्यंत जातो. n = 3 असेल तर १, २, ३. म्हणजे (3, 3) चालतो. त्याची आकृतीसुद्धा काढली आहे, दोन लंबवर्तुळं आणि एक वर्तुळ. आम्हाला शिकवणारे प्राध्यापक फार काटेकोर होते, ते चुकीचं सांगणार नाहीत. मग नियम मध्येच बदलला का?

---

फळा_खडू · बुधवार, सकाळी ८:२०

काका, तुमची वही चुकीची नाही. तुमच्या वहीतला अंक l नाही, तो k आहे. १९१६ मध्ये सोमरफेल्डने बोरच्या वर्तुळांना लंबवर्तुळांची जोड दिली तेव्हा हा k आला, आणि तो १ ते n असाच जायचा. k = n म्हणजे पूर्ण वर्तुळ. k = 0 त्यांनी वगळला होता, कारण तसा इलेक्ट्रॉन सरळ रेषेत केंद्रकातूनच आरपार गेला असता.

पुढे क्वांटम मेकॅनिक्स आलं आणि कळलं की कोनीय संवेग शून्य असलेली अवस्था खरोखर असते. आपलं s ऑर्बिटल तेच. तिथे केंद्रकाच्या जागी इलेक्ट्रॉन सापडण्याची शक्यता शून्य नसते, आणि त्याने काही बिघडत नाही. म्हणून मोजणी एकने खाली सरकली: l = k − 1. तुमच्या वहीतला (3, 3) हा आजचा (3, 2), म्हणजे 3d. n = 3 साठी तेव्हाही तीन पर्याय होते, आजही तीनच आहेत. वहीतली ती आकृती जमलं तर इथे टाका, मला मनापासून बघायची आहे.

---

जुनी_वही · बुधवार, सकाळी ९:०२

हे मला कोणी कधी सांगितलं नव्हतं. इतकी वर्षं मला वाटायचं की नवीन पुस्तकांत छपाईची सोय म्हणून शून्यापासून सुरू केलंय. दुपारी नातवाकडून फोटो काढून घेतो.

---

चांदणभूल · बुधवार, दुपारी १:१५

स्पिनबद्दल तर प्रश्नच नाही ना? इलेक्ट्रॉन स्वतःभोवती घड्याळाच्या दिशेने फिरला की +1/2, उलट फिरला की −1/2. फिरायला दोनच दिशा असतात म्हणून दोनच किमती. मुलांना भोवरा दाखवला की लगेच कळतं.

---

फळा_खडू · बुधवार, रात्री ९:४५

आधी ताईंच्या लेकीचा प्रश्न, मग भोवरा.

l हा n एवढा का होऊ शकत नाही? हायड्रोजन घेऊ, कारण तिथे आकडे स्वच्छ आहेत. इलेक्ट्रॉनची ऊर्जा फक्त n वर ठरते: −13.6/n² इलेक्ट्रॉन-व्होल्ट. n = 3 साठी ती −1.51 येते. ऋण चिन्ह म्हणजे इलेक्ट्रॉन अणूला बांधलेला आहे. आकडा जितका जास्त ऋण तितका तो खोल.

आता इलेक्ट्रॉन केंद्रकाभोवती फिरतोय, म्हणजे त्याच्याकडे कोनीय संवेग आहे. गोफण फिरवताना दगड बाहेर ओढ घेतो तसा हा संवेग त्याला केंद्रकापासून दूर ठेवतो. केंद्रक आत ओढतं, फिरणं बाहेर ढकलतं. दोन्हींची बेरीज केली की अंतरानुसार ऊर्जेची एक विहीर तयार होते. आत गेलात तरी ऊर्जा चढते, बाहेर गेलात तरी चढते, मध्ये कुठेतरी तळ असतो. त्या तळाची खोली काढता येते, गणित फारसं अवघड नाही: −13.6/(l(l+1)). l जितका मोठा, तितकी विहीर उथळ.

l = 2 ठेवा. तळ −13.6/6, म्हणजे −2.27. इलेक्ट्रॉनची ऊर्जा −1.51, तळाच्या वर. तो विहिरीत आहे, ठीक आहे. हेच 3d.

l = 3 ठेवा. तळ −13.6/12, म्हणजे −1.13. आणि n = 3 च्या इलेक्ट्रॉनची ऊर्जा −1.51. म्हणजे त्याला विहिरीच्या तळाच्याही खाली राहावं लागेल. तशी जागाच नाही. (3, 3, −3, +1/2) नाकारला जातो तो इथे.

आता l(l+1) हा आकडा नेहमी l² आणि (l+1)² यांच्या मध्ये पडतो. इलेक्ट्रॉन तळाच्या वर असायला n² हा l(l+1) पेक्षा मोठा हवा. n = l ठेवलं तर जमत नाही, n = l + 1 ठेवलं की जमतं. पाठ केलेला नियम हाच. l = 0 ला विहिरीला तळच नाही, म्हणून s ऑर्बिटल प्रत्येक n ला मिळतं.

ज्याला नोड माहीत आहेत त्याच्यासाठी हीच गोष्ट दुसऱ्या बाजूने: लहरीच्या आत-बाहेर जाणाऱ्या भागात n − l − 1 नोड असतात. 3s मध्ये दोन, 3p मध्ये एक, 3d मध्ये शून्य. (3, 3) साठी उणे एक नोड यायला हवा, आणि उणे एक नोड काढून दाखवता येत नाही. अनेक इलेक्ट्रॉनांच्या अणूत ऊर्जा फक्त n वर ठरत नाही, तिथे विहिरीचे आकडे असे सुटसुटीत राहत नाहीत, पण नोड मोजूनच आपण n ठरवतो, त्यामुळे नियम तोच टिकतो.

चांदणभूल, भोवरा मुलांना आवडतो हे मान्य. पण भोवरा हळू फिरतो, जोरात फिरतो, तिरका फिरतो. इलेक्ट्रॉनचं स्पिन कधी कमी-जास्त होत नाही. आणि तो खरंच छोटा चेंडू असता तर एवढ्या स्पिनसाठी त्याच्या पृष्ठभागाला प्रकाशापेक्षा जास्त वेगाने फिरावं लागलं असतं. दोन किमती कुठून कळल्या ते जास्त सुंदर आहे. १९२२ मध्ये फ्रँकफर्टला स्टर्न आणि गेरलाख यांनी चांदीच्या अणूंचा झोत असमान चुंबकीय क्षेत्रातून सोडला. समोरच्या काचेवर झोत दोन भागांत फुटलेला दिसला. आता m च्या किमती मोजा: l = 0 ला १, l = 1 ला ३, l = 2 ला ५. नेहमी विषम. दोन कधीच येत नाहीत. शिवाय चांदीचा बाहेरचा इलेक्ट्रॉन 5s मध्ये, म्हणजे l = 0, तिथे एकच ठिपका यायला हवा होता. दोन यायचे तर किमती ±1/2 असलेलं काहीतरी वेगळं लागतं. १९२५ मध्ये उहलेनबेक आणि गाउडस्मित यांनी त्याला स्पिन म्हटलं, त्याच वर्षी पाउलीने सांगितलं की एका अणूतल्या दोन इलेक्ट्रॉनांचे चारही अंक सारखे असू शकत नाहीत.

---

पारिजातक · बुधवार, रात्री १०:५०

सर, विहिरीचं लेकीला वाचून दाखवलं. तिने कॅल्क्युलेटर घेतला आणि n = 4, l = 4 करून बघितलं. ऊर्जा −0.85, तळ −0.68. म्हणाली, ‘हा पण तळाखाली गेला.’ मग n = 4, l = 3 केलं, तळ −1.13, म्हणजे चाललं. अर्धा तास तेच करत बसली होती.

(ब) बद्दल मात्र अजून अडलंय. 4s मधल्या पहिल्या इलेक्ट्रॉनला +1/2 म्हणतात ना? क्लासच्या जुन्या पेपरात रुबिडियमच्या बाहेरच्या इलेक्ट्रॉनचा संच विचारलाय, उत्तर 5, 0, 0, +1/2.

---

फळा_खडू · बुधवार, रात्री ११:१५

रुबिडियमच्या त्या एकट्या इलेक्ट्रॉनसाठी −1/2 सुद्धा तेवढंच बरोबर आहे. चुंबकीय क्षेत्र नसताना दोन्हींची ऊर्जा सारखी. +1/2 आधी लिहायचं ही पुस्तकांनी पाडलेली रीत आहे, निसर्गाची नाही. पर्यायांत दोन्ही दिले तर प्रश्न सदोष. एकच दिला असेल तर तो निवडायचा आणि पुढे जायचं.

---

गाळणी · गुरुवार, सकाळी १०:३०

मी पाणी तपासणीच्या लॅबमध्ये आहे. रोज फ्लेम फोटोमीटरवर सोडियम मोजतो, तो पिवळा प्रकाश म्हणजे आमची भाकरी. ट्रेनिंगला सांगितलं होतं की तो 3p मधून 3s मध्ये पडणाऱ्या इलेक्ट्रॉनचा आहे आणि खरं तर तिथे दोन रेषा आहेत, 589.0 आणि 589.6 नॅनोमीटर. आमच्या मशीनच्या फिल्टरला त्या वेगळ्या दिसत नाहीत, दोन्ही एकदमच मोजल्या जातात.

तेव्हापासून डोक्यात आहे. 3p मध्ये m च्या तीन किमती, −1, 0, +1. मग रेषा तीन हव्यात ना? की स्पिनमुळे दोन? चार अंकांपैकी नेमका कोणता अंक या दोन रेषा पाडतो?

---

फळा_खडू · गुरुवार, दुपारी २:४०

गाळणी, फार नेमकं विचारलंत. उत्तर असं की चारांपैकी एकटा कोणताच नाही.

बाहेरून क्षेत्र नसेल तर m च्या तिन्ही किमतींची ऊर्जा सारखी, म्हणून त्यातून तीन रेषा पडत नाहीत. पण इलेक्ट्रॉनच्या फिरण्यातून तयार होणारं चुंबकत्व आणि त्याचं स्पिन एकमेकांशी बोलतात. त्यामुळे m आणि s वेगवेगळे धरून चालत नाही, फिरण्याचा कोनीय संवेग (l) आणि स्पिन यांची मिळून होणारी बेरीज धरावी लागते. तिला j म्हणतात. 3p साठी j दोनच होऊ शकतो, 1/2 किंवा 3/2. दोन्हींच्या ऊर्जा किंचित वेगळ्या, म्हणून दोन रेषा. 589.0 वाली 3/2 मधून येते, 589.6 वाली 1/2 मधून.

मग सोडियममध्ये (3, 1, −1, +1/2) हा संच खोटा का? खोटा नाही, पण ती अवस्था नेमक्या एका ऊर्जेची नाही, दोन्ही j ची थोडी-थोडी मिसळण आहे. खोल्या मात्र मोजा: j = 1/2 च्या दोन, j = 3/2 च्या चार, एकूण सहा. आधी m आणि s ने मोजल्या तेव्हाही सहाच होत्या. भिंती वेगळ्या जागी घातल्या, चौरस फूट तेवढेच. म्हणून 3p⁶ हे दोन्ही पद्धतींत खरं राहतं. जड अणूंत, शिशात वगैरे, हा परिणाम इतका मोठा होतो की तिथे j शिवाय बोलणंच अवघड.

---

अर्धविराम · गुरुवार, संध्याकाळी ७:०५

एक शंका. एका गाईडमध्ये p_x ला m = +1, p_y ला m = −1, p_z ला m = 0 दिलंय. दुसऱ्यात p_x ला −1. कोण बरोबर?

---

फळा_खडू · गुरुवार, रात्री ८:३०

दोन्ही चूक. p_z म्हणजे m = 0 एवढंच खरं. p_x आणि p_y ही दोन्ही ऑर्बिटल्स +1 आणि −1 यांच्या सम मिश्रणातून होतात, एकात बेरीज, दुसऱ्यात वजाबाकी. p_x मधल्या इलेक्ट्रॉनचा m मोजायला गेलात तर निम्म्या वेळा +1 येईल, निम्म्या वेळा −1. त्याला ठरलेला m नाही. तेव्हा ‘2p_x साठी m किती’ या प्रश्नाला उत्तरच नाही. तो परीक्षेत आला तर मुलांनी काय करायचं, हे मला आजवर प्रामाणिकपणे सांगता आलेलं नाही.

---

रानवाट · गुरुवार, रात्री ९:१०

सर, माझं पहिलं विधान मागे घेतो. पण तिसऱ्या प्रकारचा, ‘या अणूत कोण राहतंय’ वाला एखादा प्रश्न करून दाखवा ना. तिथेच माझा घोळ होतो.

---

फळा_खडू · गुरुवार, रात्री १०:००

क्रोमियम घ्या, अणुक्रमांक २४. आधी रचना लिहायची, आणि ती आठवणीने नीट लिहायची, कारण इथे नेहमीचा क्रम मोडतो: 1s² 2s² 2p⁶ 3s² 3p⁶ 3d⁵ 4s¹. ज्याने 3d⁴ 4s² लिहिलं त्याची पुढची काही उत्तरं योगायोगाने बरोबर येतील, काही चुकतील.

l = 1 असलेले किती? सगळे p: 2p चे ६, 3p चे ६, मिळून १२. l = 2 असलेले ५. हे सरळ आहे.

आता n = 3 आणि m = 0 असलेले किती? 3s चे दोन्ही. 3p च्या तीन ऑर्बिटलपैकी m = 0 चं एक, त्यात दोन. 3d मध्ये पाच इलेक्ट्रॉन पाच ऑर्बिटलमध्ये एकेक बसलेत, त्यामुळे m = 0 मध्ये नक्की एक. एकूण ५. खोल्या ६, ऑर्गॉनमध्ये राहणारे ४, क्रोमियममध्ये ५. पारिजातकताई, लेकीला हे तीन आकडे शेजारी-शेजारी लिहायला सांगा.

आणि क्रोमियममध्ये (3, 2, 0, +1/2) आणि (3, 2, 0, −1/2) दोन्ही खोल्या आहेत, पण ग्राउंड स्टेटमध्ये एकाच वेळी दोन्ही भरलेल्या नसतात. हा नियम पाउलीचा नाही, हुंडचा आहे. पाउली सांगतो काय अशक्य आहे, हुंड सांगतो सगळ्यात कमी ऊर्जेत काय घडतं. दोन्ही भरलेल्या असलेली उत्तेजित अवस्था मिळू शकते. चारही अंक सारखे असलेले दोन इलेक्ट्रॉन कधीच नाही.

---

जुनी_वही · शुक्रवार, सकाळी ७:१५

फोटो जोडला आहे. शाई फिकट झाली आहे, पण k = 3 चं वर्तुळ दिसतंय. सर, तुमच्या क्रोमियमवरून मी टायटॅनियम करून पाहिलं, अणुक्रमांक २२, 3d². तिथे n = 3, m = 0 चे ४ की ५?

---

फळा_खडू · शुक्रवार, दुपारी १२:५०

काका, वर्तुळ छान दिसतंय. बाजूला पेन्सिलने लिहिलेलं ‘k = 0 नाही, केंद्रकावर आदळेल’ हेही वाचता आलं.

टायटॅनियमला एक आकडा देता येत नाही. दोन d इलेक्ट्रॉन वेगळ्या ऑर्बिटलमध्ये आणि समांतर स्पिनचे, एवढं ठरलेलं. पण पाचपैकी कुठल्या दोन, हे मोकळ्या अणूत ठरलेलं नसतं. ग्राउंड स्टेटमध्येच सारख्या ऊर्जेच्या अनेक अवस्था आहेत. एकीत ते m = +2 आणि +1 मध्ये असतात, तेव्हा उत्तर ४. दुसरीत +2 आणि 0 मध्ये, तेव्हा ५. काही अवस्थांत तर दोन्ही शक्यता मिसळलेल्या. गाईडमध्ये −2 पासून ओळीने भरतात आणि ४ म्हणतात. ती सोय आहे. क्रोमियममध्ये 3d अर्धं भरलेलं असल्यामुळे ही अडचण येत नाही.

---

अर्धविराम · शुक्रवार, संध्याकाळी ६:२०

पण सर, मग ४ हे उत्तर देणाऱ्या मुलाला मार्क द्यायचे की नाही? रीत म्हणून ठरवलेली असेल तर रीतीप्रमाणे बरोबरच ना?

---

चांदणभूल · शुक्रवार, संध्याकाळी ७:००

मी तर द्यायचे म्हणेन. अकरावीच्या मुलाने ³F वगैरे कुठून आणायचं.

---

फळा_खडू · शुक्रवार, रात्री ९:३०

मुलाला मार्क द्यावेत हे मान्य. माझं भांडण प्रश्न काढणाऱ्याशी आहे. क्रोमियम, मँगनीज, झिंक समोर असताना टायटॅनियम का निवडायचं?

---

पारिजातक · शुक्रवार, रात्री १०:१५

लेकीने आज स्वतः एक प्रश्न काढला आणि मला सोडवायला दिला: मँगनीजमध्ये n = 3, m = 0 चे किती, आणि s = +1/2 असलेले एकूण किती? पहिल्याचं मी ५ लिहिलं. दुसऱ्याला मी १५ लिहिलं, पाच d वाले सगळे +1/2 धरून. ती म्हणते, ‘आई, सगळे −1/2 पण असू शकतात, मग १० येतील. प्रश्नातच घोळ आहे, मुद्दाम ठेवला होता.’

सर, तिचं बरोबर आहे ना?

---

फळा_खडू · शुक्रवार, रात्री १०:४०

बरोबर आहे. १५ आणि १० ही दोन टोकं. मधलेही आकडे येऊ शकतात, ते कसे येतात हे तिला शोधू द्या.